मित्राच्या सवयीवर टोमणा मारणारं, मोटिव्हेशनल पोस्टरसारखं कॅप्शन लिहायचं आहे, वाढदिवस आहे त्याचा. मजेदार कसं करायचं? तयार असतील तर द्या.

तयार नका मागू भाऊ. तयार कॅप्शन कोणाच्याही मित्राला बसते, आणि जे कोणालाही बसते ते तुमच्या मित्राला लागत नाही. हे मी अनुभवातून सांगून राहिलो आणि त्या अनुभवावरून आमच्या ग्रुपमधल्या एका कवीसोबत माझं आजही वाजते, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आमचा एक मित्र आहे, त्याला आपण पोचलोच म्हणू. दर रविवारी सकाळी सातला नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायचं आमचं ठरलेलं. हा राहतो त्रिमूर्तीनगरला. सव्वासातला फोन केला की म्हणतो, शंकरनगर चौकात पोचूनच राहिलो, आणि येतो आठ दहाला, केस ओले. तोवर त्याच्यासाठी घेतलेल्या प्लेटीतले पोहे तर्री पिऊन फुगलेले असतात आणि वरचे चणे थंडगार. त्याच्या तिसाव्या वाढदिवसाला आम्ही ठरवलं की याचं पोस्टर करू. तेच ते काळ्या चौकटीचं, मधात फोटो, खाली एक मोठा शब्द आणि त्याच्या खाली बारीक ओळ. अमेरिकेत ऑफिसच्या भिंतीवर खरेखुरे 'टीमवर्क'वाले पोस्टर लावायचे, त्याची टिंगल करणारे पोस्टर डिस्पेअर नावाच्या कंपनीने 1998 पासून विकायला काढले, तिथून हा साचा जगभर गेला.

माझा पहिला ड्राफ्ट असा होता: मोठा शब्द 'उशीर', खाली 'तू नेहमी लेट येतो आणि आम्ही वाट पाहत बसतो'. वाचून कोणी हसलं नाही. कारण हा जोक नाही, ही तक्रार आहे, ती तर आम्ही दर रविवारी तोंडावर करतोच. मग कवीने यमक जुळवलं, 'वाट पाहून थकले यार, कधी येणार आमचा सरदार'. याला तो आजही भारी म्हणतो. मला विचाराल तर यमक आलं की लोकांना पुढचा शब्द आधीच ऐकू येते, आणि टोमणा तर न ऐकू आलेल्या शब्दातच असते.

गाडी रुळावर आली ती मोठा शब्द बदलल्यावर. वरच्या शब्दात दुर्गुण नाही लिहायचा, सद्गुण लिहायचा. उशीर नाही, 'विश्वास'. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचे ना, तसा गंभीर चेहरा पाहिजे. पोस्टरने स्वतः हसायचं नाही, म्हणजे इमोजी नाही, उद्गारचिन्ह नाही, 'हाहा' तर नाहीच. आणि खालच्या ओळीत मत नाही द्यायचं, फक्त जे घडलं ते ठेवायचं. मग मी आठवत बसलो की फोनवर नेमकं काय ऐकू येते. याच्या घरी आई सकाळीच वरणाचा कुकर लावते. हा शंकरनगर चौक म्हणून राहिला आणि मागे शिट्टी होऊन राहिली, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं.

तर ओळ झाली, 'शंकरनगर चौकात पोचूनच राहिलो, असं तो म्हणाला तेव्हा मागे कुकरची शिट्टी वाजत होती'. बरी होती, पण मिळमिळीत. आता इथे मराठीची एक गंमत आहे. आपलं क्रियापद शेवटी येते, आणि 'वाजत होती', 'करत असतो' असं शेपूट लागलं की हसायचा शब्द मधात दबून जाते. म्हणून वाक्य तोडायचं आणि क्रियापद उडवून द्यायचं. शेवटचं रूप हे:

विश्वास
'शंकरनगर चौकात पोचूनच राहिलो,' तो म्हणाला. मागे कुकरची तिसरी शिट्टी.

'तिसरी' नंतर घातलं. नुसती शिट्टी असती तर रस्त्यावरच्या कोणाच्याही घरची असू शकते, तिसरी म्हटलं की माणूस किती वेळचा घरातच उभा आहे ते कळते. आणि अवतरणातले शब्द जसेच्या तसे त्याचे ठेवले, 'पोचतोच आहे' असं पुस्तकी केलं असतं तर तो तो राहिला नसता. फोटो म्हणाल तर त्याचा नाही, त्याच्या रिकाम्या खुर्चीचा आणि त्या फुगलेल्या पोह्यांचा.

छापताना मात्र घोळ झाला. दुकानदाराने युनिकोडमधला मजकूर आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला आणि 'विश्वास'ची वेलांटी भलतीकडे, श्व फुटलेला. तर मजकूर टाईप करून पाठवू नका, मोबाईलवरच पूर्ण डिझाईन करून पीडीएफ किंवा मोठ्या साईझची इमेज द्या आणि प्रिंट मारायच्या आधी स्क्रीनवर जोडाक्षरं पाहून घ्या. आम्ही बारा बाय अठरा इंचाचं काढलं, खालची ओळ मोठ्या शब्दाच्या साधारण पाव उंचीची. त्याहून बारीक केली तर दूरून वाचता येत नाही.

प्रिंट आणायला कवी गेला, तिथेच चुकलं. त्याने पीडीएफ दुरुस्त करून घेताना, मला न विचारता, सगळ्यात खाली एक ओळ वाढवली, 'आता तरी सुधर बे मित्रा'. म्हणे नाहीतर लोकांना समजणार नाही. वाढदिवसाच्या दिवशी पोचलोचने पोस्टर पाहिलं, त्याची आई शिट्टीवर इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले, तोही हसून राहिला होता, आणि मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. 'काय बे, शिकवून राहिले का मला?' एवढंच बोलला, पण हसणं गेलं. एका ओळीने टोमण्याचा उपदेश झाला. कवी म्हणते तो त्या दिवशी तसाही चिडलेला होता. नव्हता.

दुसऱ्या सवयी असतील तरी रीत तीच. उशिरा उठणाऱ्यासाठी मी नंतर केलेलं, 'सातत्य', आणि खाली 'सहाला अलार्म. सहा पाचला अलार्म. साडेनऊला आई.' हे ढापू नका, तुमच्या मित्राला कोण उठवते ते शोधा. ओळ तयार झाली की मनातल्या मनात ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाच्या नावाने वाचून पाहायची, त्यालाही चालली तर फेकून द्या.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, सवय ती निवडा जिच्यावर तो स्वतः किस्से सांगतो. मी एकदा एकाच्या स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नावर 'जिद्द' म्हणून केलं होतं, ओळ चांगली होती, तो हसलाही, आणि मग दोन महिने ग्रुपवर एक शब्द बोलला नाही. वजन, पगार, लग्न जमत नसणं, यातलं काही घेऊ नका. माझं ते पोस्टर कोणी खराब नव्हतं केलं, ते माझंच होतं.

पोचलोचचं 'विश्वास' मात्र त्याच्या खोलीत लागलं आहे. खालची ओळ त्याने कटरने सरळ कापून टाकली, स्केल ठेवून. ती पट्टी मी मागून घेतली आणि गाडीच्या डिक्कीत ठेवली आहे, कवी पुन्हा विषय काढते तेव्हा दाखवायला.