फॉर्मवरचं 'नाही' फोटो टाकेपर्यंत टिकवायचं कसं?

'उन्हाळी शिबिराच्या फॉर्मवर फोटो-व्हिडिओची परवानगी विचारली होती. ३८ पैकी चार पालकांनी "नाही" लिहिलंय. तरी ग्रुपवर टाकताना त्यांच्यातलं कुणीतरी फोटोत येतंच. तुम्ही काय करता?'

आम्ही दर मे महिन्यात नौपाड्यात शिबिर घेतो. आधी फॉर्मबद्दल. एका प्रश्नाचे तीन करा: फोटो पालकांच्या ग्रुपवर चालेल का, फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालेल का, पुढच्या वर्षीच्या पत्रकावर चालेल का. आमच्याकडे सरसकट 'नाही' लिहिणाऱ्या बऱ्याच पालकांची हरकत फक्त इन्स्टाग्रामला निघाली. रकाना रिकामा असेल तर 'नाही' धरायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि ती मागेही घेता येते. म्हणून मन बदललं तर कुणाला कळवायचं, तो नंबर फॉर्मवरच छापा.

पण घोळ होतो तो फॉर्म फाईलला लागल्यावर. एका वर्षी आम्ही मुलांना उपवन तलावावर नेलं होतं. एका ताईने दोन मुलांचा छान फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकला. दोघांच्याही घरून होकार होता. मागे नळावर बाटली भरणाऱ्या मुलीच्या घरून मात्र 'नाही' होतं. तिची आई कुठे राहते हे काही नातेवाइकांना कळू द्यायचं नव्हतं, आणि मुलीच्या टी-शर्टवर शिबिराचं नाव होतं. दहा मिनिटांत फोटो ग्रुपवरून हटवला, पण तोवर चौघांनी तो सेव्ह केला होता. एकेकाला फोन करून पुसायला लावला. त्या आईला काय वाटलं असेल, हे आजही मनातून जात नाही.

तेव्हापासून ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच पाठवता येईल असं सेटिंग ठेवतो. ताई-दादा फोटो एकाच व्यक्तीकडे देतात आणि आपल्या मोबाईलमधून पुसतात. संध्याकाळी ती व्यक्ती, सगळी मुलं ओळखणाऱ्या एका ताईसोबत, यादी समोर घेऊन बसते. फोटोच्या कडा आणि मागची माणसं आधी बघायची, कारण पुढचे चेहरे कुणीही तपासतं. 'नाही'वालं मूल दिसलं तर फोटो कापायचा किंवा सोडून द्यायचा. चेहऱ्यावर स्टिकर लावू नका, सगळ्यांचं लक्ष नेमकं त्याच मुलाकडे जातं. व्हिडिओ आवाजासकट पूर्ण बघा, मागून कुणीतरी नावाने हाक मारलेली असते.

शेवटच्या दिवसाच्या ग्रुप फोटोतून 'नाही'वाल्या मुलांना बाजूला काढू नका, मुलांना ते फार लागतं. आम्ही सगळ्यांना स्वतः रंगवलेले मुखवटे तोंडापुढे धरायला लावतो. 'नाही'वाल्या मुलांच्या घरी आधी फोनवर विचारतो, असा फोटो चालेल का. गेल्या वर्षी सगळे हो म्हणाले, आणि ग्रुपवर गेलेल्या त्या एका फोटोत शिबिरातलं प्रत्येक मूल होतं.