चारशे कार्डं, पण गिऱ्हाईक किती?

प्रश्न : प्रदर्शनातल्या आमच्या स्टॉलवर तीन दिवसांत चारशे व्हिजिटिंग कार्डं जमली. नंतर फोन केले तर निम्म्यांना आमचं नावही आठवेना. चुकलं कुठे?

कार्डं सोडतीच्या बरणीत जमली असतील तर ती बक्षिसासाठी टाकलेली होती. नुसतं कार्ड म्हणजे लीड, म्हणजे पुढे गिऱ्हाईक होऊ शकेल असा माणूस, नव्हे. पुढचा माणूस समोर यायच्या आत त्यावर चार शब्द उतरले, तर ती लीड : काय बनवतो, सध्या कसं भागवतो, कधी हवंय, आपण काय पाठवायचं कबूल केलंय. गुळगुळीत कार्डावर पेन उठत नाही, म्हणून छोटं पॅड आणि स्टेपलर जवळ ठेवा. बॅज स्कॅन केलात तरी नाव-नंबरच मिळतो. टीप तुम्हालाच लिहावी लागते.

प्रश्न : गर्दीत बघे कोण आणि घेणारे कोण, हे ओळखायचं कसं?

पाऊच पॅकिंग मशिनच्या स्टॉलवर आलेले दोघे सांगतो. पहिल्याने किंमत विचारली, स्पीड विचारला, फोटो काढले. दुसऱ्याला मी एवढंच विचारलं, "सध्या हे काम कसं करता?" तो सुरूच झाला : मसाला हाताने भरतो, चार माणसं लागतात, पावडर सीलच्या जागी चिकटते आणि पाकिटं गळतात. मग त्याचेच प्रश्न आले. सिंगल फेजवर चालेल का? कॉम्प्रेसर वेगळा घ्यावा लागेल का? सीलिंगचा जॉ खराब झाला तर किती दिवसांत मिळेल? मशिन त्याच्या डोक्यात केव्हाच कारखान्यात जाऊन बसलं होतं. अशा माणसाला आणखी दोनच गोष्टी विचारायच्या : कधीपर्यंत हवंय, आणि निर्णयात आणखी कोण आहे?

एक सावधगिरी. तांत्रिक प्रश्न फार नेमके, पण स्वतःच्या मालाबद्दल चकार शब्द नाही आणि तुमची गिऱ्हाइकं कोण याची चौकशी जास्त, असा माणूस बहुधा प्रतिस्पर्धी असतो.

प्रश्न : आम्हालाच काही विकायला येणाऱ्यांचं काय करावं?

त्यांचं कार्ड वेगळ्या खोक्यात टाका, प्रदर्शनानंतरची वेळ द्या आणि निरोप द्या.

प्रश्न : प्रदर्शन संपल्यावर आधी फोन कोणाला?

छाननी रोज संध्याकाळी, स्टॉलवरच करा. चौथ्या दिवशी सगळे चेहरे सारखे वाटतात. गरज, मुदत आणि निर्णय घेणारा माणूस, तिन्ही कळलेले 'अ' गटात. त्यांना दोन दिवसांत फोन. गरज आहे पण मुदत लांब, ते 'ब'. त्यांनी सांगितलेला महिना डायरीत टाका. उरलेल्यांना एक मेसेज पुरे.

'अ'ला लगेच कोटेशन पाठवू नका. आधी त्याच्याकडून थोडं काम मागा : दोन किलो मसाला आणि रिकामी पाकिटं पाठवा, चाचणी घेऊन सांगतो. मसालेवाल्याचा नमुना आठवड्यात आला. दोन फोननंतरही नमुना येत नसेल, तर तो 'ब'मध्ये.

आणि तो फोटोवाला? त्याला मी 'उरलेल्यां'त टाकलं होतं. महिन्याभराने त्याच्या मालकाचा फोन आला. फोटो त्यांच्यासाठीच काढले होते. तेव्हापासून "असंच बघतोय" म्हणणाऱ्याला मी विचारतो, "कोणासाठी बघताय?"