सरकी ढेपेच्या वायद्यात भाव आणि ओपन इंटरेस्ट एकत्र कसे वाचावेत?

प्रश्न: भाव वाढून ओपन इंटरेस्ट वाढला की ॲपवर ‘लाँग बिल्डअप’ दिसते आणि भाव वाढून ओपन इंटरेस्ट घटला की ‘शॉर्ट कव्हरिंग’. आमच्याकडे सरकी ढेपेचा साठा आहे. या शब्दांवर विसंबून माल थांबवावा की विकावा?

उत्तर: केवळ त्या शब्दावरून मालाचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अकोट तालुक्यातल्या एका सरकी मिलच्या खरेदी-विक्रीचे काम पाहतो आणि एनसीडीईएक्सवरचा ढेपेचा वायदा (COCUDAKL) रोज पाहतो. या वायद्याचे मूळ डिलिव्हरी केंद्र अकोला असल्याने तो आपल्या हाजर बाजाराच्या जवळचा आहे, आणि म्हणूनच त्याचे आकडे नीट वाचणे आपल्या उपयोगाचे आहे.

ओपन इंटरेस्ट म्हणजे दिवसअखेर उभे राहिलेले सौदे. प्रत्येक उभ्या सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. समजा, एका पशुखाद्य कारखान्याने नव्याने दहा लॉट घेतले आणि एका मिलने नव्याने दहा लॉट विकले, तर ओपन इंटरेस्ट दहाने वाढतो. कारखान्याने तेच दहा लॉट आधीच्या एखाद्या तेजीवाल्याकडून घेतले आणि तो तेजीवाला बाहेर पडला, तर आकडा हलत नाही. फक्त सौद्याचा मालक बदलतो. जुना मंदीवाला आपले दहा लॉट परत घेत असेल आणि समोरून जुना तेजीवाला नफा काढून विकत असेल, तर आकडा दहाने घटतो.

हा तिसरा प्रकार नीट पाहावा, कारण घटलेल्या प्रत्येक लॉटमागे एक मंदीवाला कापून निघालेला असतो आणि एक तेजीवालाही निघालेला असतो. ‘शॉर्ट कव्हरिंग’ हे नाव आपण फक्त भावाकडे पाहून देतो: भाव चढला, म्हणजे परत घेणाऱ्याला जास्त घाई होती, असा तो अंदाज आहे. लाँग बिल्डअपचेही तसेच. ओपन इंटरेस्ट वाढला तेव्हा नवे विकणारेही तेवढेच आले होते. भाव चढला म्हणून घेणारे पुढाकारात होते, असे आपण धरतो. हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, पण आकड्याने तो सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठी फसगत मुदत जवळ आल्यावर होते, म्हणून तिचे उदाहरण सविस्तर घेतो. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. मुदतीला थोडे दिवस उरले असताना एका दिवशी चालू महिन्याचा वायदा क्विंटलमागे ३,००० वरून ३,०६० झाला आणि त्याचा ओपन इंटरेस्ट ६,४०० लॉटवरून ५,७०० वर आला. ॲप म्हणेल, शॉर्ट कव्हरिंग. त्याच दिवशी पुढच्या महिन्याचा वायदा ३,०८५ वरून ३,१२० झाला आणि तिथला ओपन इंटरेस्ट ४,१०० वरून ४,७३० वर गेला. इथे ॲप म्हणेल, लाँग बिल्डअप. दोन्ही शब्द वाचून माणसाला वाटेल की मंदीवाले पळाले, नवे तेजीवाले आले आणि आता माल धरून ठेवावा.

आता दोन्ही महिन्यांची बेरीज करावी. आदल्या दिवशी एकूण उभे सौदे १०,५०० लॉट होते, आज १०,४३० आहेत. म्हणजे चालू महिन्यातून ७०० लॉट गेलेले दिसत असले, तरी एकूण बाजारातून निव्वळ ७० लॉटच कमी झाले आणि बाकीचे बहुधा पुढच्या महिन्यात सरकले. पण सरकवण्याची घाई कोणाला होती, तेजीवाल्यांना की मंदीवाल्यांना? त्यासाठी दोन महिन्यांतल्या भावाचा फरक पाहावा लागतो. काल तो ८५ रुपये होता, आज ६० झाला. मंदीवाला आपला सौदा पुढे नेतो तेव्हा तो चालू महिना विकत घेतो आणि पुढचा महिना विकतो, त्यामुळे फरक आवळतो. तेजीवाला पुढे नेतो तेव्हा तो चालू महिना विकून पुढचा घेतो, त्यामुळे फरक रुंदावतो. आपल्या उदाहरणात फरक आवळला आहे, म्हणून अधिक शक्यता ही की मंदीवाल्यांनी माघार घेतलेली नसून ते आपले विक्रीचे सौदे पुढच्या महिन्यात घेऊन गेले आहेत. ॲपच्या दोन्ही शब्दांतून निघणारा अर्थ इथे जवळजवळ उलटा पडतो.

मात्र फरक आवळण्याला दुसरेही कारण असू शकते. अकोल्यात हाजर माल खरोखर कमी पडत असेल, तरीही चालू महिना पुढच्या महिन्यापेक्षा जोरात चढतो. त्यामुळे त्या दिवशीचा हाजर भाव विचारल्याशिवाय मी निष्कर्ष काढत नाही. वायदा साठ रुपयांनी चढला आणि मिलवरचा भाव जागचा हलला नाही, तर ती चढण सौदे कापण्याची आहे आणि कापणारे संपले की तिचा आधार जातो. हाजरही तेवढाच चढला असेल, ट्रक भरायला व्यापारी थांबलेले असतील, तर माझ्या दृष्टीने ती मालाची तेजी आहे, मग ओपन इंटरेस्ट घटलेला का असेना.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते, जिनिंगमधून सरकी निघते आणि मिलकडे ढेप साठू लागते. अशा वेळी मिलमालक किंवा साठेदार आपल्या मालाच्या भावाचे संरक्षण म्हणून वायद्यात विकतो. भाव घसरत आणि ओपन इंटरेस्ट वाढत असल्याने ॲपवर ‘शॉर्ट बिल्डअप’ उमटते. पण या विकणाऱ्याचे भाव पडेलच असे मत नसते. गोदामातला माल आणि वायद्यातली विक्री मिळून त्याने आपली बाजू सांभाळलेली असते. भाव चढला तरी तो घाबरून कापायला धावेलच असे नाही, कारण तिकडे त्याचा माल महागलेला असतो. मोठा ‘शॉर्ट बिल्डअप’ आहे, म्हणजे पुढे जोरदार कव्हरिंग येणारच, असे गणित हंगामात मांडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शेवटी उलाढाल पाहावी. एका दिवसात ओपन इंटरेस्ट जितका बदलतो, तो त्या दिवशीच्या उलाढालीपेक्षा जास्त असू शकत नाही. ९०० लॉटच्या उलाढालीत ७०० लॉट घटले असतील, तर दिवसभर प्रामुख्याने सौदे कापण्याचेच काम चालले होते, असे म्हणता येते. ९,००० लॉटच्या उलाढालीत तेवढेच ७०० घटले असतील, तर हजारो सौदे सुरू झाले आणि मिटले व उरलेला फरक तेवढा आपल्याला दिसला; त्याला एकच नाव देण्यात अर्थ नाही. हे ताडताना दोन्ही आकडे लॉटमध्ये आहेत की टनांत, हे आधी तपासावे, कारण एक लॉट दहा टनांचा आहे आणि प्रत्येक ठिकाणी एकच एकक दाखवतील याची खात्री नसते.

आपला साठा किती आहे आणि तो किती दिवस टिकवता येईल, हे आपण लिहिलेले नाही. ढेपेला ओल लागली की बुरशी धरते आणि वायदा चढला तरी त्या मालाला तो भाव मिळत नाही. त्यामुळे माल थांबवायचाच असेल, तर दोन्ही महिन्यांचे एकूण सौदे आणि अकोल्याचा हाजर भाव सलग काही सत्रे सोबत चढताना दिसेपर्यंत, निदान गोदामभाडे आणि व्याज निघेल एवढा माल तरी आपण विकत राहावा, असे मी सुचवेन.