सरांना माफीचं पत्र लिहायचंय, पण नवीन तारीख कोणती टाकू?

"मॅडम, प्रोजेक्ट सबमिशनची तारीख उलटून गेलीय. सरांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. आता माफीचं पत्र लिहायला बसलोय पण काय लिहू कळत नाही, आणि नवीन तारीख कोणती देऊ? परत चुकली तर काय तोंड दाखवू?"

मार्च महिना आला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत असं विचारणारं कुणी ना कुणी येतंच. म्हणून गेल्या काही वर्षांतल्या एका मुलाची गोष्ट सांगते, त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पलूसकडचा मुलगा, एम.कॉम. शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट होता सांगलीच्या हळद बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्यांना सौदे, तोलाई, पैसे मिळणं याबद्दल काय अनुभव येतो यावर. ६० शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, मग पाच प्रकरणं लिहायची. सबमिशन होतं सोमवारी १० मार्चला आणि हा माझ्याकडे आला बुधवारी १९ ला. मधल्या नऊ दिवसांत कॉलेजला गेलाच नव्हता, घरातून रोज एसटीने निघायचा आणि गणपती मंदिराच्या बाजूला बसून राहायचा म्हणे.

येताना पत्र लिहूनच आणलं होतं, दीड पान. त्यात "क्षमस्व" सात वेळा, "मी अत्यंत नालायक विद्यार्थी आहे" असं एक वाक्य, आजी ॲडमिट होती म्हणून उशीर झाला असं कारण आणि शेवटी "लवकरात लवकर, २५ मार्चपर्यंत सबमिट करतो". मी विचारलं आजी कशी आहे आता, तर मान खाली. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालेलं, ती ठणठणीत. मग म्हटलं २५ तारीख कुठून काढलीस, तर म्हणाला, "सर लै चिडतील ओ मॅडम, जवळची तारीख बघितली की जरा शांत होतील."

इथंच बहुतेकांचं चुकतं. तारीख कामावरनं काढायची सोडून सरांच्या रागावरनं काढली जाते. अशी तारीख हमखास चुकते, आणि दुसऱ्यांदा चुकली की मग पत्राला काही अर्थ राहत नाही.

मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि त्याला बॅग उघडायला सांगितली, जे काय झालंय ते सगळं टेबलावर मांड म्हटलं. पहिली तीन प्रकरणं टाइप झालेली, आणि ती बरी होती. प्रश्नावल्या मोजल्या तर ३८. त्या चाळताना मला चार फॉर्म वेगळे दिसले, कागदाला घडी नाही, कुठं हळदीचा डाग नाही (बाकीच्यांवर बोटांचे पिवळे ठसे होते), आणि वीसच्या वीस प्रश्नांना "सहमत". मी काही बोलले नाही, नुसते ते चार वेगळे ठेवले. तोच रडायला लागला. शर्टच्या खिशात तीन वेगवेगळ्या शाईची पेनं होती, उरलेले फॉर्म घरी बसून स्वतःच भरायचा विचार होता. चार भरले आणि हात चालेना म्हणाला. ते चार त्याने माझ्यासमोर फाडले. सरांना दिलेलेच नव्हते त्यामुळे पत्रात त्याचा उल्लेख करायची गरज नाही असं मला वाटलं, आजही वाटतं. खरे फॉर्म राहिले ३४.

पण अजून एक गोष्ट होती आणि खरी अडकण तिथंच होती. १ मार्चला सरांनी फोनवर विचारलेलं किती झालं, तर हा बोलून गेला ९० टक्के. नऊ दिवस तोंड लपवायचं कारण उशीर नव्हताच, हे ९० टक्के होतं. उशिराबद्दल माफी मागता येते, पण आधीचं खोटं तसंच ठेवून मागितली तर सर पहिलाच प्रश्न विचारणार की ९० टक्के झालं होतं तर उरलेल्या दहाला इतके दिवस कशाला पाहिजेत? मग परत एक खोटं. म्हणून मी त्याला म्हटलं की ते वाक्य पत्रात येऊ दे, एकदाच, साधं, रडगाणं न करता.

मग तारीख काढायला बसलो. फॉर्म का अडले ते आधी बघितलं. हा मार्केट यार्डात ऐन सौद्याच्या वेळी जायचा. तेव्हा शेतकऱ्याचं सगळं लक्ष ढिगावर आणि भावावर, याच्याशी कोण बोलणार? ज्या दिवशी उशिरा पोचला त्या दिवशी मात्र पाच-सहा जण निवांत बोलले, कारण सौदा होऊन ते अडत दुकानात पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाची, वाट बघत बसलेले असतात. म्हणजे वेळ बदलली तर दिवसाला पाच-सहा फॉर्म नक्की. उरलेले २६ भागिले पाच, म्हणजे पाच बाजार दिवस, रविवार सोडून मंगळवार २५ उजाडणार. चौथं प्रकरण, म्हणजे टेबलं आणि आलेख, चार दिवस. हे कशावरनं? तर दुसऱ्या प्रकरणाला त्याला प्रत्यक्षात चार दिवस लागले होते. मनात ठरवलेला वेग धरायचा नाही, मागचं काम खरंच किती दिवसात झालं तो धरायचा. पाचवं दोन दिवस. मग पोरं हमखास विसरतात तो भाग, सरांना वाचायला दोन-तीन दिवस, दुरुस्त्यांना एक, प्रिंट आणि बाइंडिंगला एक. मध्ये ३० ला पाडवा, ३१ ला ईद. सगळं मिळून सोमवार ७ एप्रिल आला. त्याचा चेहरा पडला, २५ मार्च कुठं आणि ७ एप्रिल कुठं.

आणि त्यात अजून एक. मी म्हटलं सरांची स्वतःची डेडलाइन काय आहे ते माहिती आहे का? त्याला माहितीच नव्हतं. मैत्रिणीला फोन लावून विचारलं तर इंटर्नल मार्क सरांना शनिवारी ५ एप्रिलच्या आत द्यायचे होते. म्हणजे ७ तारीख प्रामाणिक होती पण सरांच्या उपयोगाची नव्हती. अशा वेळी रात्री जागून जमवतो असं म्हणण्यापेक्षा काम कमी होतंय का बघायचं, आणि ते कमी करायचा अधिकार गाईडचा, म्हणून ते विचारायचं. ६० च्या जागी ५० फॉर्म चालले तर १६ च उरतात, गुरुवार शुक्रवार शनिवार, तीन दिवस. रविवार ते बुधवार चौथं प्रकरण, गुरुवार शुक्रवार पाचवं. फक्त नमुना बदलला की तिसऱ्या प्रकरणात जिथं ६० लिहिलंय तिथं ५० करावं लागतं, कारणासकट, नाहीतर व्हायव्हाला तिथंच पकडतात.

त्यानंतर पत्र लिहायला वीस मिनिटं लागली. असं झालं ते:

"विषय: प्रोजेक्ट सबमिशनला झालेला उशीर आणि नवीन तारीख

आदरणीय सर,

माझा हळद बाजारावरचा प्रोजेक्ट १० मार्चला द्यायचा होता. तो मी दिला नाही, तसं कळवलं नाही आणि तुमचे फोनही घेतले नाहीत. त्याबद्दल मी माफी मागतो. १ मार्चला ९० टक्के काम झाल्याचं मी सांगितलं होतं, ते खरं नव्हतं.

आज प्रकरण १ ते ३ पूर्ण आहेत, सोबत जोडली आहेत. ६० पैकी ३४ प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत. प्रकरण ४ आणि ५ बाकी आहेत. सौद्याच्या वेळी शेतकरी बोलत नव्हते, ही अडचण मी तुम्हाला वेळेत सांगायला हवी होती.

५० प्रश्नावल्या चालणार असतील तर पूर्ण मजकूर शनिवारी २९ मार्चला सॉफ्ट कॉपीत देतो आणि दुरुस्त्या करून बाइंडिंग केलेली प्रत गुरुवारी ३ एप्रिलला. ६० च आवश्यक असतील तर मला ७ एप्रिलपर्यंत वेळ लागेल. तुम्ही सांगाल तसं करतो. उशिराचे गुण कमी झाले तरी मला मान्य आहे.

आपला विद्यार्थी"

माफी एकदाच आहे बघा. आजी नाही, नालायक नाही. तारखा दोन आहेत, कारण एकच शेवटची तारीख दिली की सरांना तोपर्यंत काही दिसत नाही, आणि आपल्यालाही शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलायची सवय असते. तीन प्रकरणं जोडल्यामुळे काम खरंच सुरू आहे हे शब्दांत पटवावं लागलं नाही.

द्यायचं कसं यावरनं बरीच घालमेल झाली, त्याला व्हॉट्सॲपवर टाकून मोबाईल बंद करायचा होता. मी म्हटलं प्रिंट काढ, सही कर, सकाळी लेक्चर सुरू व्हायच्या आधी डिपार्टमेंटला जाऊन हातात दे आणि तिथंच उभा राहा. गुरुवारी गेला. सर बोलले, चांगलेच बोलले, पाच मिनिटं. मग पत्र परत वाचलं आणि ९० टक्क्यांच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे लिहिलंस ते बरं केलंस. ५० कर, पण तिसऱ्या प्रकरणात कारण लिही." तिथनं तो सरळ मार्केट यार्डात गेला, सौदा संपायच्या वेळेला.

सगळं ठरल्यासारखं झालं असं नाही. शनिवारपर्यंत १४ च फॉर्म झाले, दोन सोमवारी जाऊन भरले, त्यात चौथं प्रकरण रेंगाळलं. गुरुवारी २७ ला दुपारी मला फोन, "मॅडम, शिफारशींचा भाग शनिवारी होत नाही." मी म्हटलं मला काय सांगतोस, सरांना सांग, आत्ता सांग, शनिवार अजून आलेला नाही तोवर. त्याने दोन ओळींचा मेसेज केला, शनिवारी बाकी सगळं देतो, शिफारशींची तीन पानं रविवारी सकाळी. सरांचं उत्तर एक शब्द, "चालेल". तारीख उलटायच्या आधी दोन दिवस सांगितलं तर तो बदल असतो, उलटल्यावर सांगितलं की तोच जुना उशीर.

तुम्ही विचारलंय म्हणून हेही सांगते, पत्राने सगळं सुटत नाही. इंटर्नलचे मार्क आधीच वर गेले असतील तर गाईडच्या हातात फारसं काही उरत नाही, तेव्हा पत्रात तारखेच्या आधी हेच विचारायचं की आता रीतसर मार्ग काय आहे, अर्ज विभागप्रमुखांकडे करू की परीक्षा विभागात. आणि घरात खरंच आजारपण असेल, किंवा तुम्हालाच आठवडेच्या आठवडे झोप नाही, उठावंसं वाटत नाही असं असेल, तर ते लपवू नका, एका वाक्यात लिहा आणि आधी कुणाला तरी भेटा, नुसत्या तारखा मांडून ते बसणार नाही.

त्या मुलाने ३ एप्रिलला प्रत दिली. उशिराचे पाच गुण कापले गेले, पण त्यावरनं तो वाद घालायला गेला नाही. सही करताना सरांनी त्याला एवढंच विचारलं, पुढच्या वर्षीच्या पोरांना यार्डात किती वाजता पाठवू? तो म्हणाला, सौदा झाल्यावर पाठवा सर, पट्टीची वाट बघत बसलेले असतात तेव्हा.