खपलीसोबत केस आला म्हणजे ग्राफ्ट गेला का?

प्रश्न: हेअर ट्रान्सप्लांटला आज बारा दिवस झाले. चौथ्या दिवशी डोळे सुजले होते, ते उतरलं. पण खपल्या अजून तशाच आहेत, धुवायची भीती वाटते. आज एक खपली निघाली, तिच्यासोबत केस आला आणि टोकाला पांढरा ठिपका होता. ग्राफ्ट गेला का? माझे मूळचे केसही गळतील का?

ग्राफ्ट, म्हणजे केसाच्या मुळासकट लावलेला त्वचेचा बारीक तुकडा, गेलेला नाही. मी हेअर ट्रान्सप्लांटच्या ओटीत असिस्टंट आहे आणि पेशंटचं पहिलं डोकं धुणं बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. त्यामुळे असा पांढऱ्या टोकाचा केस कागदात गुंडाळून घेऊन आलेले लोक मी पुष्कळ पाहते. तो पांढरा ठिपका म्हणजे सुटलेल्या केसाचं खालचं, मेलेलं टोक. नवा केस तयार करणारा भाग त्वचेत खोल असतो, तो तिथेच राहतो. खरोखर ग्राफ्ट निघतो तेव्हा केसाला ओलसर मांसल तुकडा चिकटलेला असतो आणि त्या जागेतून ताजं रक्त येतं. हे घडतं ते पहिल्या काही दिवसांत, टोपी घासली किंवा डोकं कशावर आपटलं तर.

अमेरिकेतल्या बर्नस्टाइन आणि रासमन या डॉक्टरांनी 2006 मध्ये हे मुद्दाम ओढून तपासलं होतं. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट बाहेर येत होता. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून तो निघेना. खपली मात्र ग्राफ्टला घट्ट चिकटते, म्हणून तिचा धोका आणखी थोडे दिवस टिकला. नवव्या दिवसापासून खपली ओढूनही ग्राफ्ट हलला नाही. तुम्ही बाराव्या दिवशी आहात, म्हणजे आता धुण्यापेक्षा न धुणं जास्त त्रासाचं आहे.

खपली म्हणजे ग्राफ्टभोवती सुकलेलं रक्त आणि लस. रोज भिजली तर ती साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात आपोआप सुटते. भिजलीच नाही तर थरावर थर चढतो, खाली घाम आणि तेल अडकतं, खाज सुटते, मग रात्री झोपेत नख लागतं. तुमच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं नसेल आणि कुठे ओलं किंवा दुखरं नसेल, तर आज असं करा. क्लिनिकने दिलेलं लोशन, नाहीतर साधं सलाइन, खपल्यांवर भरपूर लावा आणि अर्धा तास राहू द्या. मग मगात कोमट पाणी घेऊन सौम्य शॅम्पूचा फेस करा, तो डोक्यावर पसरा आणि बोटांच्या पेरांनी, नखं अजिबात न लावता, छोटे गोल फिरवा. दाब किती, तर डोळा मिटून पापणीवर बोट फिरवताना देता तेवढा. मगाने हळूहळू पाणी ओता, शॉवरची धार नको. टॉवेलने चोळू नका, नुसतं टिपा. पहिल्या दिवशी निम्म्या खपल्या सुटल्या तरी पुष्कळ झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरलेल्या सुटतात. जी खपली हलत नाही ती खरवडायची नाही, उद्या परत भिजवायची. खपल्यांसोबत बारीक केस हातात येतील, येऊ द्या.

सुजेचं कारणही सांगते, म्हणजे पुढे कुणी वाचेल तो घाबरणार नाही. बधिर करताना टाळूत औषधासोबत बरंच सलाइन सोडतात. ते गुरुत्वाकर्षणाने कपाळावर, मग पापण्यांत उतरतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सूज सर्वांत जास्त दिसते आणि आठवड्याभरात जाते. दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं आणि बर्फ कपाळावर शेकायचा, ग्राफ्टवर कधीच नाही. एवढं पुरतं. ग्राफ्टचं नुकसान सुजेने होत नाही.

आता तुमचा खरा काळजीचा प्रश्न, मूळच्या केसांचा. यात दोन वेगळ्या गळती आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. लावलेले केस दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे दोन महिन्यांपर्यंत गळतात. हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि ते ठरलेलंच आहे. शॉक लॉस म्हणतात ती दुसरी गळती. ग्राफ्टच्या मधले किंवा शेजारचे तुमचे स्वतःचे केस शस्त्रक्रियेच्या धक्क्याने एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांत गळतात. ही सगळ्यांना होत नाही. ज्यांच्या टाळूवर पातळ होत चाललेले केस शिल्लक आहेत आणि त्यांच्यामध्येच ग्राफ्ट लावलेत, त्यांना ती जास्त होते. बायकांमध्ये म्हणूनच ती जास्त दिसते.

आमच्याकडे साताऱ्याकडचा तिशीतला एक पेशंट होता. पुढच्या रेषेत आणि तिच्या मागच्या विरळ भागात मिळून दोन हजारांच्या आसपास ग्राफ्ट लावले होते. पाचव्या आठवड्यात तो आला तेव्हा ऑपरेशनच्या आधीपेक्षाही डोकं मोकळं दिसत होतं. म्हणाला, "ताई, होते तेही गेले." सरांनी त्याचे आधीचे फोटो काढले आणि त्याच दिव्याखाली भिंगाच्या कॅमेऱ्याने टाळू दाखवली. त्वचा स्वच्छ होती, लाली ओसरत होती, कुठे पू नव्हता. जाड मूळ केस जिथे होते तिथे काही आठवड्यांनी बारीक अंकुर दिसू लागले. चौथ्या महिन्यात लावलेलेही उगवायला लागले आणि सहाव्या महिन्यात फोटो शेजारी ठेवून बघताना तो स्वतःच बोट ठेवून दाखवत होता. पण रेषेमागची अगदी लव झालेली काही केसं परत आली नाहीत. सरांनी ते त्याला ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. टकलाच्या प्रक्रियेत जो केस आधीच संपत आला आहे, त्याला हा धक्का शेवटचा ठरू शकतो. जो धडधाकट आहे तो तीन ते सहा महिन्यांत येतो.

म्हणून तुम्ही मिनोक्सिडिल किंवा फिनास्टेराइड घेत असाल तर ते कधी सुरू करायचं हे सर्जनला आत्ताच विचारा. उरलेले केस टिकवण्याचं काम तीच औषधं करतात. मिनोक्सिडिल नव्याने सुरू केल्यावरही आधी थोडी गळती होते, तिला शॉक लॉस समजून बाटली बंद करू नका. डोक्याच्या मागे, जिथून ग्राफ्ट काढले तिथेही ठिगळासारखं विरळ दिसू शकतं. तेही बहुतेकांचं काही महिन्यांत भरतं.

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात नवे केस वर येताना एखादी पुळी येईल. गरम पाण्याच्या फडक्याने शेका, फोडू नका. पुळ्या पसरल्या, पू आला, दुखणं दिवसेंदिवस वाढलं, ताप आला, किंवा मधोमध काळपट कडक चट्टा दिसला, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी सर्जनला गाठा. काळपट चट्टा म्हणजे त्या त्वचेला रक्त पोचत नाही अशी शंका असते आणि सिगारेट ओढणाऱ्यांना त्याचा धोका जास्त.

आज धुऊन झाल्यावर दिवसाच्या उजेडात, डोकं ओलं नसताना, वरून आणि समोरून फोटो काढून क्लिनिकला पाठवा. पुढे दर महिन्याला त्याच खिडकीपाशी काढा.