बायपोलर गटसत्र: चार्ट आणि झोप

प्रश्न: बायपोलरचे झटके पुन्हा येऊ नयेत म्हणून गटात नेमकं काय शिकवतात? एका सत्राची रूपरेषा मिळेल का?

उत्तर: बार्सिलोनाच्या कोलोम आणि व्हिएता या संशोधकांचा कार्यक्रम नमुना म्हणून घ्या: ८ ते १२ जण, दीड तासाची २१ सत्रं. मूड स्थिर असतानाच घ्यायचं. ऐन मॅनियात, म्हणजे मूड बेफाम चढलेला असताना, उपयोग नाही.

मॅनियाची चाहूल ओळखण्याचं सत्र मी असं घेईन. पहिली वीस मिनिटं सगळ्यांचे चार्ट: रोजचा मूड उणे ३ ते अधिक ३, झोपेचे तास, गोळी घेतली का. मग अर्धा तास माहिती. उरलेल्या वेळात प्रत्येकाने स्वतःची तीन लक्षणं लिहायची. ‘उत्साह वाढतो’ चालणार नाही. ‘रात्री दोनला भावाला फोन करतो’ असं हवं.

समजा, चार्टवर झोप सातवरून पाचवर आली, तरी थकवा नाही, मूड अधिक १. त्या माणसाला छानच वाटत असतं, गोची तिथेच आहे. म्हणून नियम आधीच ठरवायचा: अशा दोन रात्री झाल्या की डॉक्टरांना फोन, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद, जागरणाचे बेत रद्द. उठण्याची वेळ रविवारीही तीच. गोळ्या मात्र आपल्या मनाने बदलायच्या नाहीत.