स्पॅनिशच्या नवशिक्यांची विभागणी चाचणी: बारा प्रश्न आणि उत्तरसूची

प्रश्न: ताई, आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या खोलीत रविवारी स्पॅनिशचा वर्ग सुरू करतोय. तेवीस जणांनी नाव दिलं. काही कोरे आहेत, काहींनी मोबाईलवर शिकलंय, दोघं-तिघं नागपूरला दोन-तीन महिने क्लासला जाऊन आलेत. दोन गट करायचे आहेत. वर्तमानकाळ आणि नाम-विशेषणाचा मेळ एवढ्यावर चाचणी कशी काढू? उत्तरसूचीसकट सांगाल का?

उत्तर:

दादा, माझ्या पहिल्या चाचणीत मी खुर्ची, खिडकी आणि शाळा हे शब्द घातले होते. स्पॅनिशमध्ये सिया, बेन्ताना, एस्कुएला. तिन्ही स्त्रीलिंगी, आणि मराठीतही स्त्रीलिंगीच. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. पुढच्या रविवारी वहीचा शब्द आला आणि अर्धा वर्ग कोलमडला, कारण वही आपल्याकडे 'ती', पण क्वादेर्नो पुल्लिंगी. मुलं स्पॅनिशचं लिंग ओळखतच नव्हती, मराठीचं लिंग तिकडे नेत होती. तेव्हापासून मी दोन्ही भाषांत लिंग वेगळं असणारीच नामं निवडते.

क्रियापदातही असाच एक धोका आहे. आपण 'मी बोलतो', 'मी बोलते' म्हणतो, म्हणजे बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदावर दिसतं. स्पॅनिशमध्ये तसं काही नाही. मुलगा असो की मुलगी, 'यो हाब्लो'च. पण शेवटचा 'ओ' पुरुषाचा आणि 'आ' बाईचा असं डोक्यात बसलं, की मुलगी 'यो हाब्ला' लिहिते आणि पेद्रोला 'हाब्लो' लावते. मुलाने स्वतःबद्दल 'यो हाब्लो' लिहिलं तर ते बरोबर निघतं, पण कारण चुकीचं असू शकतं आणि ते कळायला मार्ग नसतो. म्हणून खालचे पहिले दोन प्रश्न जोडीने ठेवलेत, त्यांना वेगळं करू नका.

इथे मी उच्चार देवनागरीत देतेय; कागदावर मात्र वाक्यं स्पॅनिश लिपीत छापा आणि प्रत्येकाखाली मराठी अर्थ द्या. शब्द माहीत नाही म्हणून व्याकरणाचा गुण जायला नको. मूळ रूप कंसात आहे.

1. पेद्रो ___ एस्पान्योल. (हाब्लार) पेद्रो स्पॅनिश बोलतो.
2. मारिया म्हणते: यो ___ एस्पान्योल. (हाब्लार) मी स्पॅनिश बोलते.
3. नोसोत्रोस ___ आरोस. (कोमेर) आम्ही भात खातो.
4. नोसोत्रोस ___ एन नागपूर. (बिबिर) आम्ही नागपुरात राहतो.
5. आना ___ आग्वा. (केरेर) आनाला पाणी हवंय.
6. नोसोत्रोस ___ आग्वा. (केरेर) आम्हाला पाणी हवंय.
7. लोस क्वादेर्नोस सोन ___. (नुएबो) वह्या नव्या आहेत.
8. ला कामिसा एस ___. (ब्लांको) शर्ट पांढरा आहे.
9. लास कामिसास सोन ___. (बेर्दे) शर्ट हिरवे आहेत.
10. लोस क्वादेर्नोस सोन ___. (आसुल) वह्या निळ्या आहेत.
11. ___ मानो एस ___. (एल किंवा ला, पेकेन्यो) हात लहान आहे.
12. ___ प्रोब्लेमा एस ___. (एल किंवा ला, पेकेन्यो) अडचण लहान आहे.

उत्तरं अशी: हाब्ला, हाब्लो, कोमेमोस, बिबिमोस, किएरे, केरेमोस, नुएबोस, ब्लांका, बेर्देस, आसुलेस, 'ला' आणि 'पेकेन्या', 'एल' आणि 'पेकेन्यो'. प्रत्येकी एक गुण. शेवटच्या दोहोंत दोन्ही जागा बरोबर असल्या तरच. स्वराघाताची खूण राहिली किंवा 'न्य'च्या डोक्यावरची लाट राहिली तर गुण कापू नका. वीस मिनिटं पुरतात. पर्याय देऊ नका, रिकामी जागाच ठेवा, आणि येत नसेल तर रेघ ओढायला सांगा. ओढलेली रेघ तुम्हाला अंदाजाने मारलेल्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जाते.

प्रश्न 3 आणि 4 दोन्ही 'आम्ही'चे का? कारण 'एर' आणि 'इर' या दोन गटांची रूपं बाकी ठिकाणी सारखीच असतात: कोमो-बिबो, कोमे-बिबे. फरक दिसतो तो 'आम्ही'त, आणि बोसोत्रोसमध्ये. बोसोत्रोस मी मुद्दाम घेतलं नाही. लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश शिकलेल्याला ते भेटलेलंच नसतं. 5 आणि 6 मध्ये धातूच्या पोटातला 'ए' बदलून 'इए' होतो, पण 'आम्ही'त होत नाही. 'किएरेमोस' लिहिणाऱ्याला बदल माहीत आहे, त्याची हद्द माहीत नाही. त्याला कोरा समजू नका.

7 मध्ये अनेकवचन आहे त्याला कारण आहे. 'एल क्वादेर्नो एस ___' असं विचारलं असतं तर कंसातला 'नुएबो' जसाच्या तसा उतरवणाऱ्यालाही गुण मिळाला असता. कोणी 'नुएबास' लिहिलं तर समजा, त्याला मेळ घालायचा हे कळतं पण तो मराठीतली 'नवी वही' बघतोय, समोरचा 'लोस' बघत नाही. 9 आणि 10 मधली विशेषणं लिंगाने बदलत नाहीत, फक्त वचनाने. आपल्या 'सुंदर', 'लाल'सारखीच, पण आपल्याकडे ती वचनानेही बदलत नाहीत, तिथेच पोरं फसतात. 11 आणि 12 मात्र निव्वळ पाठांतर आहे. 'मानो' ओकारान्त असून स्त्रीलिंगी, 'प्रोब्लेमा' आकारान्त असून पुल्लिंगी, आणि मराठीतला हात आणि अडचण दोन्ही उलट दिशेने ओढतात. हे दोन चुकले म्हणून कुणालाही खालच्या गटात ढकलू नका.

आता निव्वळ बेरजेवर गट का करू नये ते सांगते. माझ्याकडे एका मुलीला आणि एका मुलाला बारापैकी सहा-सहा गुण मिळाले. मुलीने 1 मध्ये 'हाब्लो' आणि 2 मध्ये 'हाब्ला' लिहिलं, 4 मध्ये 'बिबेमोस', 6 मध्ये 'किएरेमोस'; पण 7 ते 10 सगळे बरोबर. मुलाचे पहिले सहाही बरोबर, आणि विशेषणं मात्र त्याने सगळी कंसातली उतरवली: नुएबो, ब्लांको, बेर्दे, आसुल. 11 आणि 12 दोघांचेही चुकले.

मुलाला मी दुसऱ्या गटात घेतलं. विशेषण नामाप्रमाणे वळतं ही कल्पना 'पांढरा शर्ट, पांढरी वही' म्हणणाऱ्या पोराला नवी नसते. अ‍ॅपने त्याला ती दाखवली नव्हती एवढंच. त्याला दोन तासिका जास्तीच्या दिल्या आणि तो पोचला. मुलीला पहिल्या गटात ठेवलं. क्रियापदाचा शेवट कर्त्याच्या पुरुषावर ठरतो, लिंगावर नाही, हेच तिचं हललेलं होतं, आणि पुढचे सगळे काळ त्याच पायावर उभे राहतात. तिला वाईट वाटलं. "काहून बा, गुण तं सारखेच हायेत न?" असं तिने विचारलंही. मी तिचाच कागद तिच्यापुढे ठेवून 1 आणि 2 शेजारी शेजारी वाचायला लावले. तिला स्वतःलाच दिसलं.

तेव्हा असं करा: 0 ते 4 गुण पहिला गट, 9 ते 12 आणि 1-2 ची जोडी बरोबर असेल तर दुसरा गट. जोडी चुकली असेल तर नऊ गुण असले तरी थांबा. मधल्या 5 ते 8 वाल्यांना एकेकटं बोलवा आणि तीन मिनिटं बोला: नाव काय, कुठे राहतोस, घरी काय खाता, तुझा शर्ट कोणत्या रंगाचा. लिहिताना 'बिबो' आठवणारा बोलताना अडतो, आणि याच्या उलटही होतं. कागद ते दाखवत नाही. तेवीसांपैकी मधले दहाएक निघाले तरी अर्ध्या तासात उरकेल. हे पहिल्याच रविवारी करा, कारण महिनाभराने गट बदलला की मुलं वरच्या गटातून खाली यायला तयार होत नाहीत.